तात्पुरत्या वेतनकपातीची सूचना : मुदत, फेरविचार व पूर्ववत् वेतनाच्या अटी (मुंबई १९२५ ते कुपवाड)

प्रस्तावना

कुपवाड हे सांगली व मिरज या दोन शहरांच्या मधले गाव. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली, परंतु त्यापूर्वीपासूनच कुपवाडची ओळख तेथील औद्योगिक वसाहतीमुळे होती. वसाहतीतील पुष्कळ कारखाने लहान आहेत. ओतकाम, यंत्रभागांची कातणी, सूत व कापड अशा कामांत ते गुंतलेले असून त्यांतील बरेचसे दुसऱ्या मोठ्या कारखान्याच्या मागणीवर चालतात. मागणी आटली की त्याचा परिणाम येथील हजेरीपटावर काही आठवड्यांतच दिसू लागतो. अशा वेळी फाटकाशेजारच्या फलकावर जो कागद लागतो, तो प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. 'मंदीमुळे पुढील आदेश होईपर्यंत वेतनात कपात करण्यात येत आहे' अशा आशयाचा तो कागद असतो. त्यातील 'पुढील आदेश होईपर्यंत' या तीन शब्दांनी कपात तात्पुरती ठरते की कायमची, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग मुंबईच्या कापड गिरण्यांतील १९२५ सालचा आहे. तो कुपवाडपासून वाटतो तितका दूरचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीखालोखाल साताऱ्याची माणसे मोठ्या संख्येने होती आणि आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव व खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत होते. गिरणी बंद पडली की गावाकडे परतणारा कामगार याच मुलखातला असे.

१९२५ ची कपात

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत व त्यानंतर १९२२ पर्यंत मुंबईच्या गिरण्यांनी मोठा नफा मिळविला. महागाईमुळे मूळ वेतनावर वेगळा महागाई भत्ता देण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. १९२३ पासून बाजार उतरला. जपानी कापडाची स्पर्धा वाढली, रुपयाचा विनिमय दर गिरणीमालकांना जाचक वाटू लागला, आणि हिंदुस्थानातील गिरण्यांत तयार होणाऱ्या कापडावर १८९६ पासून चालू असलेला साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर तर त्यांच्या डोळ्यांत सलतच होता. लँकेशायरच्या मालाला सोयीचे जावे म्हणून हा कर बसविला गेला होता आणि त्याविरुद्ध देशभर रोष होता.

१९२५ च्या उन्हाळ्यात गिरणीमालक संघाने ठरविले की १ सप्टेंबरपासून महागाई भत्ता वीस टक्क्यांनी खाली आणावा. यातील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. उक्त्या कामावरील पुरुष कामगारास मूळ वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळत होता व रोजंदारीवरील कामगारास ७० टक्के. म्हणजे मूळ वेतन शंभर धरले तर पहिल्यास १८० व दुसऱ्यास १७० मिळत. भत्त्यातील वीस वजा होताच ते १६० आणि १५० झाले. एकूण मिळकतीतील घट पहिल्याची ११ टक्क्यांहून किंचित अधिक, दुसऱ्याची पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच त्या काळच्या कागदपत्रांत ही कपात साडेअकरा टक्के म्हणून नोंदली गेली आहे. मूळ वेतनाला हात न लावता भत्ता कापण्यात एक सोय होती. भत्ता हा प्रसंगविशेषाने दिलेला आहे, प्रसंग बदलला की तो घटेल, असे सांगता येत होते.

परंतु या कपातीला मुदत नव्हती. ती केव्हा तपासली जाईल हेही सांगितलेले नव्हते. तिला एक अट मात्र होती, आणि तिच्यामुळेच हा प्रसंग अभ्यासनीय ठरतो. अबकारी कर उठविला तर जुने वेतन पुन्हा देऊ, अशी भूमिका गिरणीमालकांनी घेतली होती. व्हाइसरॉयकडे शिष्टमंडळ गेले, पण ऑगस्टमध्ये त्यांच्या पदरात काही पडले नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून कामगार बाहेर पडू लागले व ऑक्टोबरच्या आरंभी जवळजवळ सर्व गिरण्या बंद झाल्या. सुमारे दीड लाख कामगार अडीच महिने कामाविना राहिले आणि कामाचे एक कोटीहून अधिक दिवस वाया गेले. तोवर कामगारांची स्थायी स्वरूपाची संघटना जवळजवळ नव्हतीच. ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखालील मुंबईची कापड कामगार संघटना जानेवारी १९२६ मध्ये, म्हणजे संप संपल्यावर, उभी राहिली. संपकाळात बहुसंख्य कामगार आपापल्या गावी गेले व तेथील शेतीवर तग धरून राहिले.

१ डिसेंबर १९२५ रोजी लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारने वटहुकूम काढून अबकारी कर तहकूब केला. पुढल्या वर्षी कायद्याने तो रद्दही झाला. वटहुकूम निघताच गिरणीमालकांनी जुने दर मान्य केले व डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोंगे पुन्हा वाजले.

या घटनेकडे कामगारांचा विजय म्हणून पाहिले जाते, आणि ते चूक नाही. काही अभ्यासक असेही सुचवितात की कर उठविण्यासाठी मालकांनीच संपाचा उपयोग करून घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्हींहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वेतन परत मिळाले, कारण परत देण्याची अट दोन्ही पक्षांच्या हाताबाहेरची होती आणि ती पूर्ण झाली की नाही हे ज्याला वाचता येते त्या कोणालाही समजू शकत होते. वटहुकूम निघाला हे वर्तमानपत्रात छापून आले. त्यावर मालकांना 'अजून परिस्थिती सुधारलेली नाही' असे म्हणता आले नाही.

याउलट १९३३–३४ चा अनुभव पाहावा. जागतिक मंदीच्या लाटेत मुंबईतील गिरण्यांनी, या वेळी एकेकट्याने, पुन्हा भत्ता कापला. कोणतीही बाह्य अट नव्हती. वेगवेगळ्या गिरण्यांत वेगवेगळे दर झाले, एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला आणि तो फसला. कापलेल्या वेतनात सर्वसाधारण वाढ होण्यासाठी १९३८ ची चौकशी समिती यावी लागली. म्हणजे ज्या कपातीला परतीची अट नव्हती ती चार वर्षांहून अधिक काळ टिकली.

सरकारी कपातीचा दुसरा नमुना

याच मंदीत हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या नोकरांवरही कपात लादली होती. २९ सप्टेंबर १९३१ रोजी अर्थसदस्य सर जॉर्ज शूस्टर यांनी पूरक अंदाजपत्रक मांडले व सरकारी वेतनात दहा टक्के तात्पुरती कपात जाहीर केली. तिचा पुढील प्रवास कारखान्यापेक्षा सरळ झाला. १९३३–३४ च्या आर्थिक वर्षारंभी निम्मी कपात उठली व ती पाच टक्क्यांवर आली. १ एप्रिल १९३५ पासून उरलेली पाच टक्केही उठून वेतन पूर्ववत् झाले. येथे फेरविचाराची तारीख वेगळी लिहावी लागली नाही, कारण अंदाजपत्रक दरवर्षी मांडावेच लागते आणि त्यात कपात चालू ठेवायची तर ती सर्वांसमक्ष सांगावी लागते. परतही दोन पायऱ्यांनी झाली. मध्यंतरीची थकबाकी मात्र कोणाला मिळाली नाही.

थकबाकीचा हा मुद्दा महाराष्ट्राला अलीकडे पुन्हा अनुभवास आला. करोनाच्या टाळेबंदीत राज्य शासनाने मार्च २०२० चे वेतन देताना अ व ब वर्गाच्या अधिकाऱ्यांना निम्मे, क वर्गाला ७५ टक्के आणि ड वर्गाला पूर्ण वेतन दिले. प्रारंभी याला सर्वत्र 'कपात' म्हटले गेले. नंतर शासनाने खुलासा केला की हे वेतन कापलेले नसून टप्प्याटप्प्याने दिले जाणार आहे. त्याच एप्रिलमध्ये केंद्र शासनाने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. १ जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून २८ टक्क्यांवर गेला, पण गोठविलेल्या काळाची थकबाकी दिली गेली नाही. दोन्ही निर्णय 'तात्पुरते' होते. पहिल्यात पैसा पुढे ढकलला गेला आणि दुसऱ्यात दीड वर्षाचा फरक कायमचा गेला. कामगाराच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि कपातीच्या सूचनेत हे अंतर स्पष्ट न लिहिणे हा त्या सूचनेतील सर्वांत सामान्य दोष होय.

कायद्याने काय मागितले

१९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने वेतनात बदल करण्यापूर्वी मालकाने सूचना देणे बंधनकारक केले. याच कायद्याने संपावर निर्बंध आणले म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला होता व ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला होता. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांपुरती आणि १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातलेल्या कलम ९-अ ने इतर उद्योगांपुरती ही तरतूद पक्की केली. कलम ९-अ नुसार वेतनात बदल करावयाचा तर कामगारांना सूचना देऊन २१ दिवस थांबणे भाग होते. कामगारसंख्येची मर्यादा यास नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून तिच्या कलम ४० मध्ये हीच २१ दिवसांची रचना आहे.

काम नसल्याने कामगारास बसवून ठेवणे, ज्यास वसाहतीत सर्रास 'ले-ऑफ' म्हणतात, त्याची वाट निराळी. १९५३ साली गिरण्यांत माल साचून पाळ्या बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा २४ ऑक्टोबर १९५३ पासून ले-ऑफच्या भरपाईची तरतूद करण्यात आली. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगारास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळावी, मात्र त्याने रोज ठरलेल्या वेळी फाटकावर हजेरी द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यास ही तरतूद लागू नाही, आणि नव्या संहितेतही हीच मर्यादा आहे. कुपवाडच्या लहान कारखान्यांबाबत ही मर्यादाच निर्णायक ठरते. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात ले-ऑफची कायदेशीर भरपाई नसते. तेथे वेतनकपातीची सूचना आणि तीतील शब्द एवढेच कामगाराच्या हाती उरते.

बदलाच्या सूचनेची जी चौकट कायद्याने आखली तिच्यात बदल कोणता आणि तो केव्हापासून, एवढेच विचारले आहे. तो केव्हा संपणार, हे विचारलेले नाही. त्यातून आणखी एक पेच उद्भवतो. सूचनेऐवजी मालक व संघटना यांनी करार केला तर सूचनेची गरज राहत नाही, आणि ते पुष्कळदा श्रेयस्करही असते. पण करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने तो सहा महिने बंधनकारक धरला जातो, आणि मुदत संपल्यावरही कोणा पक्षाने लेखी नोटीस देऊन ठरावीक काळ उलटेपर्यंत तो चालूच राहतो. वेतनवाढीच्या करारात ही तरतूद कामगाराचे रक्षण करते. कपातीच्या करारात तीच त्याच्यावर उलटते. 'सहा महिन्यांसाठी' असे लिहूनही सातव्या महिन्यात कपात चालू राहिल्याची तक्रार येते, तिचे मूळ येथे असते. म्हणून 'अमुक तारखेस कोणत्याही नोटिशीविना पूर्वीचे वेतन आपोआप लागू होईल' हे वाक्य करारात अवश्य असावे.

कुपवाडच्या एका कारखान्याचा कल्पित दाखला

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते हे पाहण्यासाठी वसाहतीतील ३८ कामगारांचा एक यंत्रभागांचा कारखाना कल्पू या. मागील वर्षी त्याची मालरवानगी महिन्याला सरासरी १२० टन होती, ती सलग तीन महिने ७० टनांच्या आसपास आहे. मालकास दहा टक्के कपात करावयाची आहे. सूचनेचा मजकूर असा होऊ शकतो :

'दिनांक ५ मार्च. मागणी घटल्याने १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहा महिन्यांपुरती मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या एकूण रकमेत दहा टक्के कपात करण्याचे योजिले आहे. कपातीनंतरचे वेतन किमान वेतनाहून कमी होत असेल तेथे कपात तेवढ्यापुरती होणार नाही. ३० जून रोजी कामगार प्रतिनिधींसमोर रवानगीची नोंदवही ठेवून फेरविचार होईल. सलग दोन महिने रवानगी १०० टन वा अधिक झाल्यास पुढील महिन्याच्या १ तारखेपासून पूर्वीचे वेतन मिळेल. तसे न झाले तरी १ ऑक्टोबरपासून ते आपोआप मिळेल. कपात केलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम पुढील मार्चअखेर दोन हप्त्यांत परत केली जाईल, उरलेली निम्मी परत केली जाणार नाही. या काळात निवृत्त होणाऱ्या, राजीनामा देणाऱ्या वा मृत्यू पावणाऱ्या कामगाराचे उपदान व शिल्लक रजेचा पगार कपातीपूर्वीच्या वेतनावर काढला जाईल.'

५ मार्च व १ एप्रिल यांमध्ये २१ दिवसांहून अधिक अंतर आहे. कपात किमान वेतनाखाली नेता येत नाही, कामगाराने संमती दिली तरीही नाही. निम्मी रक्कम परत मिळणार व निम्मी नाही, हे दोन्ही स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे २०२० सारखा 'कपात की विलंब' हा वाद उरत नाही.

शेवटची अट अनेकांना क्षुल्लक वाटते. तिचा हिशेब करून पाहावा. एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आहेत आणि त्याची वीस वर्षे नोकरी झाली आहे. उपदान शेवटच्या वेतनावर, दर वर्षास पंधरा दिवस व महिन्याचे दिवस २६ धरून, काढतात. म्हणजे १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०, सुमारे १,६१,५०० रुपये. तो ऑगस्टमध्ये, कपात चालू असताना निवृत्त झाला तर शेवटचे वेतन १२,६०० धरले जाऊन उपदान सुमारे १,४५,४०० होते. सहा महिने पूर्ण कापले गेले असते तरी त्याचे नुकसान ८,४०० रुपये झाले असते. उपदानात मात्र त्याचे एकदम सोळा हजारांहून अधिक जातात. अपंगत्वामुळे कमी वेतनावर काम करणाऱ्याला अपंगत्वापूर्वीच्या काळाचे उपदान जुन्या वेतनावर द्यावे, असे कायदा सांगतो. मंदीच्या कपातीसाठी अशी सवलत नाही. ती सूचनेतच लिहून घ्यावी लागते.

परतीची अट निवडताना १९२५ चा धडा उपयोगी पडतो. 'परिस्थिती सुधारल्यावर' हा शब्दप्रयोग मालकाच्या मर्जीवर सोडलेला आहे. 'नफा झाल्यावर' हाही फारसा बरा नाही, कारण नफ्याचा हिशेब वर्षअखेर होतो आणि तो कामगाराच्या नजरेस पडत नाही. टनांत मोजलेली रवानगी नोंदवहीत असते, वस्तू व सेवा कराच्या मासिक विवरणाशी ती पडताळता येते, आणि फाटकातून मालमोटारी किती गेल्या हे तर पहारेकऱ्यालाही माहीत असते. कारखान्याची वीजआकारणी हाही तितकाच बोलका पुरावा आहे.

असे असूनही अटीला बगल देता येते. काम वाढले की माल शेजारच्या दुसऱ्या जागेतून रवाना करणे, कंत्राटी कामगार घेणे किंवा जुन्याच कामगारांकडून जादा तास काम घेणे हे तीन मार्ग सर्वांत अधिक आढळतात. कपातीच्या काळात जादा कामाचा भत्ता दिला जात असेल तर मंदी ओसरली आहे याचे त्याहून स्पष्ट चिन्ह दुसरे नाही. म्हणून सूचनेत आणखी एक वाक्य घालता येते : कपातीच्या मुदतीत कोणत्याही महिन्यात जादा तासांचे काम घेतले गेल्यास अथवा कंत्राटी कामगारांची संख्या १ एप्रिलच्या संख्येपेक्षा वाढल्यास त्या महिन्याची कपात होणार नाही. मालकाला हे वाक्य कठीण वाटेल, पण त्याच्या बाजूनेही त्याचा उपयोग आहे, कारण ३० जूनच्या बैठकीत तो जादा तासांची व कंत्राटी माणसांची कोरी नोंद पुढे ठेवून कामगारांना आपली अडचण खरी असल्याचे दाखवू शकतो.

फेरविचाराची तारीख ठरविताना ती मुदतीच्या शेवटी ठेवू नये. ३० जूनला तीन महिने उरलेले असतात. रवानगी ७० टनांवरून ५० वर गेली असेल तर कपात वाढविण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी पुढे येईल, आणि त्यासाठी पुन्हा २१ दिवसांची नवी सूचना द्यावी लागेल. जुन्या सूचनेवर तारीख खोडून नवी तारीख लिहिता येत नाही. ३० सप्टेंबरला बैठक ठेवली तर मात्र १ ऑक्टोबर उजाडतो तेव्हा सूचना नाही, करार नाही, आणि पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाने मागील महिन्याचाच आकडा पुढे ओढलेला असतो.